आधी काला, मग नमन?



सप्ताहात काल्याचे कीर्तन पहिल्या दिवशी ठेवा, असे कोणी सुचवले तर आपण त्याला हसू. सहा दिवस नाम, पारायण, प्रवचन, कीर्तन आणि सातव्या दिवशी काला, हा क्रम कोणी मोडत नाही. मोडला तर गाव विचारील की दहीहंडी फोडून झाल्यावर आता उरले काय? पण त्याच सप्ताहाचे ध्वनिचित्रमुद्रण आपण यूट्यूबवर ठेवतो तेव्हा नेमके हेच करतो. चॅनल उघडले की सगळ्यात नवे सगळ्यात वर दिसते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या समोर पहिल्यांदा काला येतो, त्याखाली सहावा दिवस, त्याखाली पाचवा आणि नमनाचा पहिला दिवस तळाशी. मंडपात जो क्रम आपण प्राणपणाने सांभाळला, तो मोबाइलवर उलटा टांगून ठेवला आणि त्याला प्रसार म्हटले.

हा लेख तंत्राच्या कौतुकासाठी नाही. क्रम लावणे, खुणा करणे आणि नावे नीट देणे हे सप्ताहाच्या सेवेतलेच काम आहे, ते न करता मुद्रण टाकून देणे ही अर्धी सेवा आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. ते आपल्याला पटते का, हे आपणच एका प्रवचनमालेवर तपासून पाहावे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत अशी मुद्रणे कोण ऐकते, ते आधी डोळ्यांपुढे आणू. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या उत्सवाला जाणारा माणूस तिथे बसून ऐकतो. मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते, महिनाभर चालून पंढरीला पोहोचते. त्या वाटेवर असणाऱ्याला मोबाइलची गरज पडत नाही. मोबाइलवर ऐकतात ते मागे राहिलेले. चोपड्याकडची कपाशी वेचणारी माय, रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पाण्याची पाळी सांभाळणारा शेतकरी, गुडघे गेल्यामुळे वारी सुटलेले आजोबा, सुरत-पुण्याला कामाला गेलेला मुलगा. यांना सलग दीड तास कधी मिळत नाही. वीस मिनिटे मिळतात, मग वीज जाते, पाणी बंद करायला उठावे लागते, नातू मोबाइल मागतो, नाहीतर त्या दिवसाचे नेट संपते. यांचे श्रवण तुकड्यातुकड्यांनीच होणार. प्रश्न एवढाच की पुढचा तुकडा कुठून सुरू करायचा, हे त्यांना सापडते का?

आता एक प्रवचनमाला घेऊ. समजा, एका गावच्या सप्ताहात रोज दुपारी चार वाजता ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायावर प्रवचन आहे. भक्तियोगाचा हा अध्याय २४७ ओव्यांचा आहे आणि गीतेचे त्यात वीसच श्लोक आहेत, म्हणून सात दिवसांना तो बेताचा बसतो. महाराजांनी वाटणी अशी केली. पहिल्या दिवशी आरंभीचे गुरुकृपेचे नमन. दुसऱ्या दिवशी पहिले दोन श्लोक, म्हणजे व्यक्त की अव्यक्त हा अर्जुनाचा प्रश्न आणि देवाचे उत्तर. तिसऱ्या दिवशी तीन ते पाच, अव्यक्ताच्या उपासनेतले क्लेश. चौथ्या दिवशी सहा आणि सात. पाचव्या दिवशी आठ ते बारा. सहाव्या दिवशी तेरापासून एकोणिसापर्यंत भक्ताची लक्षणे. सातव्या दिवशी विसावा श्लोक आणि समारोप.

यातला पाचवा दिवस बघा. आठव्या श्लोकात देव म्हणतो, मन आणि बुद्धी माझ्या ठायी ठेव. नवव्यात म्हणतो, ते चित्त स्थिर ठेवणे जमत नसेल तर अभ्यास कर. दहाव्यात, अभ्यासही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. अकराव्यात, तेही जमत नसेल तर कर्माच्या फळाचा त्याग कर. आणि बाराव्यात, जी पायरी सगळ्यात खालची वाटली होती त्या फलत्यागाचाच गौरव करून सांगतो की त्यागामागून लगेच शांती येते. देव एकेक पायरी खाली उतरत येतो, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला हात देण्यासाठी. या पाच श्लोकांची करुणा त्या उतरण्यात आहे.

आता कपाशी वेचून आलेल्या मायने हे प्रवचन लावले. पंचवीस मिनिटे ऐकले आणि वीज गेली, राउटर बंद पडला. तिच्या वाट्याला काय आले? आठवा श्लोक. मन आणि बुद्धी पूर्ण देवाला दे. तिच्या मनात येते, हे आपल्याच्याने व्हायचे नाही. पुढच्याच मिनिटाला तिच्यासाठी खालची पायरी येणार होती, ती तिने ऐकलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोबाइल उघडला. चॅनलवर आता नवे काही वर आले आहे, कालचे खाली गेले आहे. सातही मुद्रणांची नावे सारखीच आहेत, म्हणजे 'लाइव्ह', महाराजांचे नाव, गावाचे नाव. तिने अंदाजाने एक उघडले, ते निघाले सहाव्या दिवसाचे. तिथे भक्ताची लक्षणे चालली आहेत. कोणाचा द्वेष न करणारा, सर्वांचा मित्र, सुखदुःखात सारखा. म्हणजे आधी एक अशक्य वाटणारी आज्ञा आणि मग एक अशक्य वाटणारे चित्र. मधली उतरण गळाली. या मायला बारावा अध्याय कठीण वाटला तर तो दोष माउलींचा नाही, वक्त्याचा नाही आणि तिचाही नाही. ज्याने मुद्रण टाकले आणि हात झटकले, त्याचा आहे.

म्हणून खुणा. यूट्यूबवर मुद्रणाखाली जी वर्णनाची जागा असते, तिथे वेळ आणि तिच्यापुढे नाव अशा ओळी लिहिल्या की मुद्रणाच्या पट्टीचे आपोआप भाग पडतात. यांना तिथे चॅप्टर म्हणतात, आपण अध्याय म्हणू. नियम थोडेच आहेत. पहिली ओळ शून्यापासून सुरू झाली पाहिजे, निदान तीन ओळी हव्यात, वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि कोणताही भाग दहा सेकंदांपेक्षा छोटा नको. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत, नावे खुशाल मराठीत. अध्याय दिसेनासे झाले तर बहुतेक वेळा कारण एकच असते, पहिली ओळ शून्याची नसते.

वेळा काढायला पुन्हा दीड तास बसावे लागते, अशी तक्रार ऐकू येते. तसे बसावे लागत नाही. प्रवचन चालू असतानाच एकाने वही आणि घड्याळ घेऊन बसावे. मुद्रण सुरू केले ती वेळ आधी लिहावी. समजा, ते तीन वाजून पन्नास मिनिटांनी सुरू झाले, कारण लोक जमेपर्यंत कॅमेरा चालूच होता. महाराजांनी नमन सुरू केले चार वाजून दोन मिनिटांनी. आठवा श्लोक म्हटला चार-नऊला, नववा चार-सत्तावीसला, दहावा चार-एक्केचाळीसला, अकरावा चार-बावन्नला, बारावा पाच-सहाला, आणि शेवटचा गजर पाच-पंधराला. प्रत्येक वेळेतून तीन-पन्नास वजा केले की मुद्रणातली वेळ मिळते. नमन १२ मिनिटांवर, आठवा श्लोक १९ वर, नववा ३७ वर, याप्रमाणे.

इथे एक खड्डा आहे. पहिली बारा मिनिटे रिकामा मंडप, माइकची खरखर आणि सतरंज्या अंथरणे दिसते म्हणून बहुतेक जण तो भाग नंतर कापून टाकतात. कापणे योग्यच. पण वर्णनात लिहिलेल्या वेळा ही साधी अक्षरे असतात, त्या आपोआप बदलत नाहीत. बारा मिनिटे कापली की सगळ्या खुणा बारा मिनिटे पुढे सरकलेल्या राहतात. नवव्या श्लोकावर बोट ठेवले की श्लोक कधीच होऊन गेलेला असतो. म्हणून आधी कापा, मग वेळा लिहा. आणि तपासायचे तर पहिली खूण तपासू नका, ती नेहमी बरोबरच असते. मधली एक आणि शेवटची एक उघडून ऐका. दोन्ही ठिकाणी श्लोकाचा उच्चार आला तर बाकीच्याही जागेवर आहेत. कापल्यानंतरच्या ओळी अशा होतील:

```
0:00 नमन आणि कालचा धागा
7:00 श्लोक ८ : मन आणि बुद्धी देवाच्या ठायी
25:00 श्लोक ९ : ते न जमल्यास अभ्यास
39:00 श्लोक १० : अभ्यासही न जमल्यास देवासाठी कर्म
50:00 श्लोक ११ : तेही न जमल्यास फळाचा त्याग
1:04:00 श्लोक १२ : त्याग आणि शांती
1:13:00 गजर
```

घड्याळाने मिनिट कळते, सेकंद कळत नाही. म्हणून नंतर प्रत्येक जागा एकदा ऐकून खूण श्लोकाच्या चार-पाच सेकंद आधी आणावी. म्हणजे आधीचे वाक्य संपते, क्षणभर शांतता जाते आणि श्लोक येतो. श्लोकाच्या मध्यावर खूण पडली तर ऐकणाऱ्याला दारातून ढकलून आत टाकल्यासारखे वाटते.

आता नावांकडे पाहा. मी 'भाग १, भाग २' असे लिहिले नाही, कारण भाग चार आणि भाग पाच यांतला फरक दुसऱ्या दिवशी कोणाच्याच लक्षात राहत नाही. 'श्लोक ९, अभ्यास' हे राहते. काही जण म्हणतात, मोबाइल स्वतःच लक्षात ठेवतो की आपण कुठे थांबलो होतो. ठेवतो, पण त्यासाठी त्या मोबाइलवर आपल्या खात्याने प्रवेश केलेला असावा लागतो आणि पाहिलेल्याची नोंद चालू असावी लागते. आपल्या घरांत एक मोबाइल तिघे वापरतात. नातवाने संध्याकाळभर काय काय पाहिले की आजीचे प्रवचन यादीत कुठच्या कुठे खाली जाते. उद्या मोबाइल बदलला, कोणी नोंद पुसली, तर तेवढाही आधार गेला. माणसाच्या स्मरणात बसेल असे नाव मोबाइलवर अवलंबून नसते. आजी नातवाला सांगू शकते, 'बाळा, पाचवा दिवस लाव, अभ्यासाच्या पुढचे.' शेजारणीला सांगू शकते. घरातल्या ज्ञानेश्वरीत तोच श्लोक काढून पुढच्या ओव्या वाचू शकते. श्लोकाचा आकडा देण्याचे हे मोठे कारण आहे. ओव्यांचे आकडे एका प्रतीहून दुसऱ्या प्रतीत कुठे एखाद-दोनने सरकतात, श्लोकांचे सरकत नाहीत.

अभंगावरच्या कीर्तनाला श्लोकाचा आकडा नसतो, तिथे चरण हीच खूण. आपल्या वारकरी कीर्तनाची बांधणीच अशी आहे की एक अभंग निरूपणाला घेतला जातो, एकेक चरण सोडवला जातो आणि मध्ये गजर होतो. खूण चरणाच्या आरंभी करावी, गजराच्या नंतर. दोन तासांच्या कीर्तनाला सात-आठ खुणा पुरतात. पंचवीस केल्या तर पट्टीचे इतके बारीक तुकडे होतात की म्हाताऱ्या बोटाला ते धरता येत नाहीत. अभंगाचा क्रमांक मात्र जपून द्यावा. गाथ्याच्या निरनिराळ्या प्रतींत तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक निरनिराळे आहेत, म्हणून क्रमांकापेक्षा अभंगाचे पहिले शब्द लिहावेत, ते सगळीकडे सापडतात.

यावर जो पहिला आक्षेप घेतला जातो, तो हलका नाही. जाणती टाळकरी मंडळी म्हणतात, कीर्तन हा अखंड रस आहे, त्याचे तुकडे करणारे तुम्ही कोण? खुणा केल्या की लोक उड्या मारत ऐकतील, मधले गाळतील, विनोद तेवढे उघडतील. यातला शेवटचा भाग खरा आहे आणि म्हणून मी एक गोष्ट हट्टाने सांगतो. विनोदाला खूण करू नये. दृष्टांतालाही स्वतंत्र खूण करू नये. दृष्टांत सिद्धांतासाठी असतो, त्याचे दार वेगळे काढले की लोक दृष्टांत ऐकून सिद्धांताच्या आधीच उठतात. खूण चरणाला, श्लोकाला, प्रश्नाला. यापलीकडे नको.

पण आक्षेपाचा उरलेला भाग टिकत नाही. खुणेने मुद्रण कापले जात नाही. जो हात लावत नाही त्याला ते आरंभापासून शेवटपर्यंत सलगच ऐकू येते. आणि उडी मारण्याची भीती म्हणाल, तर ती खुणेशिवायच जास्त आहे. जागा माहीत नसलेला माणूस पट्टीवर बोट फिरवत राहतो, इथे थोडे, तिथे थोडे, आणि कंटाळून बंद करतो. जागा माहीत असलेला नेमका तिथे येतो आणि पुढे ऐकतो. आपल्या परंपरेने भाग पाडण्याला कधी रसभंग मानले नाही. ज्ञानेश्वरीला अठरा अध्याय आहेत, ओव्यांना आकडे आहेत. पारायणात व्यासपीठ चालक अध्याय कुठे सुरू झाला ते सांगतो म्हणून उशिरा आलेली माय पोथी उघडून सर्वांच्या बरोबरीला येते. त्या मंडपात कोणी म्हणत नाही की ओवीचा आकडा सांगितल्याने रस गेला. शके १२१२ चा ग्रंथ. पुढे प्रतींमध्ये पाठ बिघडत गेले तेव्हा शके १५०६ मध्ये नाथ महाराजांनी तो शुद्ध केला. नाथांसारखा अधिकार आपला नाही. पण ग्रंथ पुढच्याच्या हाती नीट जावा यासाठी बसून काम करणे ही या पंथातली सेवा आहे, एवढे तर त्यातून घेता येते.

खुणेनंतर क्रम, कारण एका मुद्रणाच्या आत सगळे नीट असले तरी सात मुद्रणे उलटी असली तर व्यर्थ. यासाठी प्लेलिस्ट, म्हणजे माळ. एका प्रवचनमालेची एक माळ करावी आणि तिच्यातला क्रम `Manual` ठेवून पहिला दिवस पहिला, सातवा शेवटी असा हाताने लावावा. एक संपले की पुढचे आपोआप लागते, आणि ते बरोबर पुढचेच असते. क्रम तारखेवर सोडला तर धोका राहतो. दुसऱ्या दिवशीचे मुद्रण नेट नसल्याने चौथ्या दिवशी चढवले तर ते चौथ्याच्या जागी जाऊन बसते.

माळेबाबत सगळीकडे होणारी गल्लत अशी की संपूर्ण सप्ताहाची एकच माळ केली जाते. काकडा, दुपारचे प्रवचन, हरिपाठ, रात्रीचे कीर्तन, सगळे एकात. मग प्रवचनाचा दुसरा दिवस ऐकून झाला की पुढे हरिपाठ लागतो, त्यापुढे कीर्तन, त्यापुढे काकडा, आणि तिसऱ्या दिवसाचे प्रवचन चौथ्या जागेवर. वास्तविक या दोन वेगळ्या जाती आहेत. रात्रीचे कीर्तनकार रोज वेगळे असतात, रोजचा अभंग स्वतंत्र असतो. मंगळवारचे कीर्तन सोमवारच्या आधी ऐकले तर काही बिघडत नाही, काला तेवढा शेवटी असावा. प्रवचन मात्र एका वक्त्याचे, एका ग्रंथावरचे, कालच्या धाग्याला आजचा धागा जोडणारे. म्हणून प्रवचनाची माळ वेगळी आणि कीर्तनांची वेगळी. हरिपाठ रोज तोच असतो, त्याचे एक चांगले मुद्रण ठेवले तरी पुरे.

नाव देताना दिवसाचा आकडा सगळ्यात पुढे हवा. छोट्या पडद्यावर लांब नावाचा शेवट दिसत नाही. 'ह.भ.प.' पासून सुरू करून महाराजांच्या पदव्या, गाव, तालुका, जिल्हा लिहून शेवटी 'दिवस पाचवा' लिहिले तर तो पाचवा कधीच दिसत नाही आणि सातही मुद्रणे एकसारखी वाटतात. 'दिवस ५, ज्ञानेश्वरी अ. १२, श्लोक ८ ते १२' हे आधी, मग वक्त्याचे नाव, मग गाव. यात वक्त्याचा मान कमी होत नाही. जे ऐकायचे ते सापडले नाही तर त्या मानाला श्रोता कुठला?

एखाद्या दिवसाचे मुद्रण झालेच नाही, असेही होते. वीज गेली, मेमरी कार्ड भरले, पाऊस आला. अशा वेळी पुढचे आकडे मागे सरकवू नका. चौथा दिवस नसेल तर पाचव्याला चौथा म्हणू नका. तिसऱ्याच्या आणि पाचव्याच्या वर्णनात एक ओळ लिहा, 'दिवस चौथा, श्लोक ६ आणि ७, याचे मुद्रण नाही.' मग ऐकणारा शोधत बसत नाही. तेवढ्या दोन श्लोकांच्या ओव्या पोथीत वाचतो आणि पाचव्या दिवसाला लागतो. आकडे सरकवले तर त्याला कळतच नाही की मधले काही गेले आहे. 'कालचा धागा' म्हणून महाराज ज्याची आठवण देतात, ते आपण कधी ऐकले, याच विचारात तो राहतो.

ज्यांच्याकडे नेटच नाही त्यांना पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड भरून दिले जाते. देवळाच्या ध्वनिक्षेपकावर, ट्रॅक्टरवर, चुलीजवळच्या छोट्या डब्यावर ते वाजते. पूर्वी कॅसेट होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. ती जिथे थांबवली तिथेच थांबून राहायची, आठ दिवसांनी लावली तरी पुढचेच शब्द यायचे. अनेक स्वस्त डबे बंद केले की पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून दीड तासाची एकच फाइल देऊ नये. ज्या खुणा केल्या त्याच जागांवर ध्वनीचे तुकडे करून द्यावेत, म्हणजे फार तर शेवटचा तुकडा पुन्हा ऐकावा लागेल. फायलींची नावे आकड्याने सुरू करावीत आणि आकडा दोन अंकी असावा. `1`, `2`, `10` अशी नावे दिली तर पुष्कळ यंत्रे दहाला एकच्या मागे लावतात. `01`, `02`, `10` दिली तर क्रम राहतो. पाचव्या दिवसाचा तिसरा तुकडा असेल तर `05-03`. काही डबे नावही पाहत नाहीत, ज्या क्रमाने फायली कार्डावर उतरवल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून रिकाम्या कार्डावर एकापाठोपाठ एक, क्रमानेच उतरवाव्यात आणि देण्याआधी त्या डब्यावर एकदा लावून पाहावे.

दुसरा आक्षेप असा की हे करायचे कोणी? याचे उत्तर सप्ताहाच्या वहीतच आहे. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. पहारेकऱ्यांची यादी होते, रात्री दोनचा पहाराही कोणीतरी घेतो. पंगतीची यादी होते, पाण्याची होते, मंडपाची होते. त्या यादीत एक नाव वाढवा. प्रवचनाला वही घेऊन बसणारा एक. तो ऐकायलाच बसणार आहे, वेळा लिहिल्याने त्याचे श्रवण अधिकच नीट होईल, कारण श्लोक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे त्याला कान देऊन ऐकावे लागेल. मुद्रणावर बोट ठेवणारा तरुण आहेच, त्याला वेळा हातात मिळाल्या की वर्णन लिहायला रोज अर्धा तास पुरतो. अहिराणीतून नावे लिहिली तरी चालतील, ऐकणारी माय अहिराणीच बोलते.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण कामात दिसतो. 'हसून हसून पोट दुखेल' असे नाव दिले की पाहणारे वाढतात, 'श्लोक ९, अभ्यास' या नावाने वाढत नाहीत. बरोबर आहे, वाढत नाहीत. मग एकदा ठरवून टाका की सप्ताह कशासाठी मांडला होता. गावाने धान्य दिले, वर्गणी दिली, वक्त्याने सात दिवस दिले, ते ज्ञानेश्वरी ऐकली जावी म्हणून. पाच मिनिटे पाहून निघून गेलेले हजार आणि सात दिवस क्रमाने ऐकणारे दहा, यांत सप्ताहाचे श्रोते कोणते, याचे उत्तर देताना आकडा बघण्याची गरज नसावी.

पुढच्या सप्ताहाची बैठक होईल तेव्हा एवढे करा. जुन्या सप्ताहातली एकच प्रवचनमाला घ्या. तिची वेगळी माळ करा, पहिला दिवस पहिल्या जागी आणा, नावांच्या आरंभी दिवस आणि श्लोक लिहा, प्रत्येक मुद्रणाला सहा-सात खुणा करा. मग गावच्या गटावर सगळ्या चॅनलची लिंक टाकू नका. नेमक्या जागेची टाका. लिंकच्या शेवटी सेकंदांत वेळ लिहिली की मुद्रण तिथूनच उघडते. पंचविसाव्या मिनिटाला नववा श्लोक असेल तर `?t=1500`, आणि लिंकमध्ये आधीच `?` असेल तर `&t=1500`. ज्या मायचे ऐकणे मन आणि बुद्धी देवाला दे एवढ्यावर तुटले होते, तिला तेवढी लिंक पाठवा. पुढची पायरी तिची आहे.

रामकृष्ण हरी.